एकही ओळ कोरी न सोडणारी महामाया

महामाया,

तुला पत्र लिहायला बसले की आधी राग येतो, मग हसू. राग अशासाठी की संग्रामपूरला गेल्यापासून तू चार शब्द पाठवले नाहीस. हसू अशासाठी की पाठवले असतेस तर त्यांच्यावर जावक क्रमांक असता. तुझ्याबद्दल बुलढाण्यात सध्या जे सांगतात ते निम्म्याहून जास्त खोटं आहे. म्हणे तू कोर्टात टेबल आपटलंस आणि साहेबाच्या तोंडावर रजिस्टर फेकलंस. तू, आणि रजिस्टर फेकणार! एकवेळ साहेबाला उचलून फेकशील, रजिस्टर नाही. तेव्हा खरं काय ते मीच लिहून टाकते. मात्र 'तू, तू' करत लिहिलं की माझा आवाज वर्गातल्यासारखा होतो आणि तू समोर बसून मान हलवायला लागतेस. म्हणून इथून पुढे तू म्हणजे 'ती'.

तर ही महामाया मूळची पिंपळगाव राजाची. वडील शंकरराव बुलढाण्याला पाटबंधाऱ्याच्या एका विभागीय कार्यालयात शिपाई होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि बी.ए. झालेली महामाया अनुकंपेवर त्याच कार्यालयात लागली. बी.ए.ला तिला राज्यशास्त्र मीच शिकवलं. घटना, सरकार, जनता असं सगळं शिकून ती अभिलेख कक्षात जाऊन बसली. तिथे जनता नव्हती. कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या, कसर लागलेले कागद आणि लाल कापडात बांधलेले बस्ते, एवढंच.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक फाइल गायब झाली. हालचाल नोंदवहीत, म्हणजे कोणती फाइल कोणी कधी नेली हे लिहायच्या वहीत, महामायेने दोन नोंदींच्या मधे एक ओळ मोकळी ठेवली होती. अक्षर सुटसुटीत दिसावं म्हणून. त्या मोकळ्या ओळीत कोणीतरी तिच्याच नावाने फाइल नेल्याचं लिहून टाकलं. तिची एक वेतनवाढ गेली. त्या दिवसापासून तिने सुटसुटीतपणा सोडला. वहीची पानं आधी शिक्क्याने क्रमांकित करायची, नोंदीखाली नोंद चिकटवून लिहायची, आणि सहीशिवाय कपाटातून कागदाचा कपटाही सोडायचा नाही. कार्यकारी अभियंता असो की झाडूवाली, सही. झेरॉक्स काढायची आहे? सही. नुसती बघायची आहे? बघा, आणि सही.

मुख्य लिपिक कारभारी म्हणायचे, "ताई, तुमच्याइथं पाणी प्यालं तं सही करा लागते काय?"

"ग्लास बाहेर नेत असान तं करा लागन, भाऊ."

लोक हसायचे. तीही हसायची आणि वही पुढे करायची.

आता जानराव. मोताळा तालुक्यातल्या एका तलावावरचा चौकीदार. वीस वर्षं रोजंदारीवर. त्याचं काम सोपं होतं: सांडव्यावरची लोखंडी गेटं हुकूम आला की वर करायची, हुकूम आला की खाली. अडचण एवढीच की मधलं गेट उचलायचा स्क्रू गंजून बसला होता. जानरावने गावातल्या मास्तरांकडून तीन वर्षांत तीन अर्ज लिहून घेतले आणि बुलढाण्याला आणून दिले. पोच मिळाली की तो ती सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि त्याची बायको जनकाबाई तो सदरा धुवायची. तीन पोचा अशा स्वच्छ झाल्या.

नवे फौजदारी कायदे लागू झाले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तलाव तुडुंब भरला. हुकूम आला, दोन गेटं वर गेली, मधलं हललं नाही. बाजूचा बांध खचला आणि खालच्या नाल्यातून घरी निघालेला एक माणूस वाहून गेला. माणूस गेला म्हणजे कोणीतरी दोषी हवा. कार्यालयाने पोलिसांना कळवलं की गेट सुस्थितीत होतं, चौकीदाराने ते वेळेत उघडलं नाही. जानरावावर हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. पाच वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम.

जामिनावर सुटल्यावर तो अभिलेख कक्षाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"ताई, माये तीन अर्ज हायेत ना आत?"

महामायेला ते अर्ज तोंडपाठ होते. तिसऱ्यावर उपअभियंत्याने मारलेला शेराही: निधी उपलब्ध झाल्यावर पाहू. पण फाइलीवर 'गोपनीय' असा शिक्का बसला होता, तोही बांध खचल्यानंतर दोन दिवसांनी.

"जानराव, मले आतलं सांगता येत नाही."

"हाव का नाही, येवढंच सांगा ना."

"येवढंच बी नाही."

"वीस वर्सं मी तुमाले रामराम करून राह्यलो, ताई. आन् तुमी मले कागदाच्या कपट्याएवढं बी..." तो जायला वळला. मग चिडून म्हणाला, "तुमी बी त्यायच्यातल्याच."

तिला ते लागलं. पण तिने नियम मोडला नाही. फक्त म्हणाली, "वकील करा. कोर्टानं मांगलं तं मी सोता बस्ता घेऊन येईन. कोर्टाचं समन्स आलं तं मले बी नाही म्हणता येत नाही, अन् साहेबाले बी."

वकील मिळाली मंजुश्री. मलकापूरची, वय तिशीचं, बोलणं पटापट, आणि डोक्यावर गॉगल कोर्टातसुद्धा विसरलेला. तिने आधी माहितीच्या अधिकारात अर्ज करून पाहिला होता. उत्तर आलं की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, माहिती देता येत नाही. म्हणजे कोर्टात केस आहे म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून केस हरायची. तेव्हा तिने मोताळ्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज केला की फाइल मागवावी. अर्ज लिहिताना तिने जानरावला विचारलं, "त्या ऑफिसात कागद कसे ठेवतात, तुम्हाला काही माहीत आहे?"

"लय कडक बाई हाये ती. पाणी प्यालं तरी सही घेते."

मंजुश्रीने अर्जात एक ओळ वाढवली: फाइल, आणि तिची हालचाल नोंदवही. कोर्टाने दोन्हींसाठी समन्स काढलं.

समन्स कार्यालयात आलं तेव्हा साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. दुसरी ओळ वाचायला हात मधे आला. त्यांनी कोर्टाला एक पत्र पाठवलं: सदर फाइल राज्यकारभाराशी संबंधित व गोपनीय असल्याने हजर करता येत नाही. खाली सही, कार्यकारी अभियंता.

पहिल्या तारखेला दंडाधिकारी ते पत्र वाचून सरकारी वकिलांकडे वळले. तरुण होते, सर्दी झालेली होती, आणि दर दोन वाक्यांनी रुमाल काढायचे.

"वकीलसाहेब, हे पत्र आहे. विशेषाधिकार असा पत्राने मागत नाहीत. खात्याच्या प्रमुखाने शपथपत्र द्यायचं. त्याने प्रत्येक कागद स्वतः वाचला, आणि तो उघड झाला तर जनहिताला काय बाधा येते, ते कारणासकट सांगायचं. आणि हरकत असो नसो, ज्याला समन्स आहे त्याने कागद कोर्टात आणायचाच. द्यायचा की नाही ते मी ठरवीन. तो तुमच्या साहेबांनी कपाटातच ठरवायचा विषय नाही." एवढं बोलून ते शिंकले.

पुढच्या तारखेपर्यंत मंत्रालयातून शपथपत्र आलं. सचिवांची सही, शिक्का, सगळं थाटात. महामायेला कारभारींनी त्याची प्रत फाइलला लावायला दिली. ती वाचायला बसली आणि तिसऱ्या परिच्छेदापाशी तिने चष्मा काढून पुसला. लिहिलं होतं: 'मी सदर फाइलीतील प्रत्येक पृष्ठ काळजीपूर्वक वाचले आहे.' आणि चौथ्यात: 'ती उघड झाल्यास मित्रराष्ट्रांशी असलेल्या संबंधांवर विपरीत परिणाम होईल.'

"कारभारी भाऊ, मोताळ्याचं मित्रराष्ट्र कोणतं हो?"

"जुन्या कोन्या केसमधून उतरवलं असन, ताई. नमुना असते तसा. नावं बदलवतात, बाकी राहू देतात." कारभारींना त्यात काही वावगं वाटलं नाही. तेही तीस वर्षं असंच करत आले होते. एका शाळेच्या विहिरीच्या टिपणीत त्यांनी 'सदर पुलावरील वाहतूक' असं पाठवलं होतं आणि ती मंजूर होऊन आली होती.

"पण वाचली कवा त्यायनं? फाइल तं माह्या कपाटात हाये."

कारभारी आपल्या टेबलाकडे निघून गेले. त्याच दिवशी दुपारी साहेबांनी दोघांना आत बोलावलं.

"महामायाबाई, त्या वहीत एक नोंद घालायची राहिली आहे. फाइल गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला मुंबईला गेली आणि पंचवीसला परत आली."

"गेली नाही, साहेब."

"गेली असती तर काय बिघडलं असतं?"

"तर सही असती."

"सही मी करतो की! कारभारी, जागा बघा."

कारभारींनी वही उघडली. सतरा तारखेचं पान काढलं. वरची नोंद सोळा तारखेची, खालची अठराची, आणि मधे मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मग समासात पाहिलं. समासात तिने उभ्या रेघा मारल्या होत्या.

"ताई," ते काकुळतीला आले, "एक ओळ बी कोरी सोडत नाही काय हो तुमी?"

"एकदा सोडली होती, भाऊ. महागात पडली."

साहेब म्हणाले, "मग नवी वही करा. जुनी फाटली म्हणून दाखवू."

महामायेने पिशवीतून समन्सची प्रत काढली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, वही कोर्टानं मांगली हाये. आता ती फाटली तं मी नाही सांगणार कोनी फाडली. पन विचारलं तं सांगा लागन."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, असं कारभारींनी मला नंतर सांगितलं. साहेबांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्या निवृत्तीला किती राहिलं?"

"दीड वर्ष."

"नीट जावं, एवढीच इच्छा आहे."

हे ऐकून ती घरी आली आणि जेवली नाही. घाबरली नव्हती असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तिच्या मुलीचं, छकुलीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, आणि चौकशी लागली की निवृत्तिवेतन कसं अडकतं हे अभिलेख कक्षात बसणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. अशा अडकलेल्या फाइलींचा एक अख्खा खण तिच्याकडे होता.

तारखेच्या दिवशी तिने फाइल पाकिटात घातली, मोहोर लावली, बस्ता बांधला, वही पोटाशी धरली आणि मोताळ्याची एसटी पकडली. राजूरच्या घाटात वळणावळणाला बस कलंडायची तशी ती बस्त्यावर कलंडायची. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर ठेवा ना ते गाठोडं."

"वर ठेवतो, पन तुमी सही देता काय?"

कोर्टात जानराव मागच्या बाकावर बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

सरकारी वकिलांनी शपथपत्र वाचून दाखवलं. मित्रराष्ट्रांपाशी त्यांचा आवाज आपोआप बारीक झाला. मंजुश्री उठली.

"साहेब, हा तलाव राजूर घाटाच्या पायथ्याला आहे. त्याचं पाणी परराष्ट्रात जात असेल तर मला माहीत नाही. मलकापूरला जातं, आणि मलकापूरशी आमचे संबंध तसेही बरे नाहीत, मी तिथलीच आहे." बाकांवर हशा झाला. दंडाधिकाऱ्यांनी रुमाल तोंडाला लावला, शिंकण्यासाठी की कशासाठी ते कळलं नाही. "पण ते सोडा. सचिव म्हणतात की प्रत्येक पान वाचलं. मला एवढंच विचारायचं आहे: कुठे वाचलं? ज्यांनी फाइल आणली त्यांना विचारू द्या."

"हरकत," सरकारी वकील म्हणाले. "त्या फक्त कागद घेऊन आल्या आहेत. साक्षीदार नाहीत. त्यांची उलटतपासणी करता येत नाही."

"बरोबर आहे," दंडाधिकारी म्हणाले. "म्हणून त्यांना कोर्ट स्वतः शपथ देऊन विचारेल. बाई, या."

महामाया पिंजऱ्यात गेली. शपथ घेतली.

"आणखी एक हरकत, साहेब. अप्रकाशित सरकारी अभिलेखातला मजकूर खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. यांनी फाइलीत काय आहे ते बोलू नये."

"फाइलीत काय आहे ते मी विचारतच नाही. फाइल कुठे होती, ते विचारतोय. बाई, या फाइलीत काय आहे ते अजिबात सांगू नका."

"नाही सांगत, साहेब. आजवर बी नाही सांगितलं." हे म्हणताना तिची नजर मागच्या बाकाकडे गेली.

"ही फाइल मुंबईला कधी गेली होती?"

तिला वाटलं, निवृत्तीचं विचारणाऱ्या साहेबांचा पंखा इथेही फिरतोय. मग ती म्हणाली, "गेली नाही. गुन्हा दाखल झाल्यापासून कपाटाबाहेर आज पयल्यांदा आली."

"झेरॉक्स?"

"निघाली नाही. निघाली असती तं सही असती."

दंडाधिकाऱ्यांनी वही मागून घेतली. बारा पानं उलटली. मग विचारलं, "तुम्ही मधे जागा का सोडत नाही?"

"जागा सोडली की तिथं कोनीतरी येऊन बसते, साहेब."

झालं एवढंच. ना टेबल आपटलं, ना रजिस्टर फेकलं. दंडाधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं की ज्याने कागद पाहिलेलेच नाहीत त्याने ते जनहिताला बाधक आहेत असं म्हणण्याला अर्थ नाही. पण म्हणून त्यांनी फाइल लगेच मंजुश्रीच्या हातात दिली असंही नाही. आधी सरकारला नीट शपथपत्र द्यायची एक संधी दिली. ते आलं नाही. मग पाकीट आपल्या दालनात उघडून त्यांनी फाइल स्वतः वाचली. कारण सरकारचा अधिकारी निष्काळजी असला तरी कागदात खरंच जपण्यासारखं काही असू शकतं, आणि ते गेलं तर अधिकाऱ्याचं जात नाही, लोकांचं जातं. आठ दिवसांनी आदेश आला. गंजलेल्या स्क्रूत राज्याचं कोणतंही गुपित नाही. अर्ज, पोचशिक्के आणि त्यांवरचे शेरे आरोपीच्या बचावाला आवश्यक आहेत, ते द्यावेत. पान सत्तेचाळीस मात्र सुरक्षेसंबंधीचं आहे, या खटल्याशी त्याचा संबंध नाही. ते झाकून ठेवावं. सरकार वर सत्र न्यायालयात गेलं. तिथेही तेच राहिलं.

तीन अर्ज पुराव्यात आले. मास्तरांनी येऊन आपलं अक्षर ओळखलं. उपअभियंत्याला 'निधी उपलब्ध झाल्यावर पाहू' हे स्वतःचंच वाक्य मोठ्याने वाचावं लागलं. जानराव निर्दोष सुटला. सरकारी वकिलांनी निकालानंतर मंजुश्रीला कँटीनमध्ये चहा पाजला आणि म्हणाले, "माझ्यावर ते मित्रराष्ट्र कोणी ढकललं, शोधून देतो तुम्हाला."

महामायेची बदली झाली. शिक्षा नव्हे हो, 'प्रशासकीय सोय'. बुलढाण्याहून थेट संग्रामपूर, सातपुड्याच्या पायथ्याशी, उपविभागात. तिथल्या अभिलेख कक्षात म्हणे वहीच नव्हती. पहिल्या दिवशी तिने वही आणली, शिक्का मारला आणि उपअभियंत्याच्या पुढे केली. त्यांनी विचारलं, "मी काहीच नेलं नाही, सही कशाची?" ती म्हणाली, "मी आली त्याची."

जाण्याआधीच्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पाणी प्याली, सोफ्यावर बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली.

"बाई, जानराव सुटला, पन त्याले झोप नाही. गावात म्हनतात, ते झाकलेलं पान तुयाच इरुद्ध होतं, म्हून झाकलं. तो बी तसंच समजून राह्यला."

"अगं, आदेशात लिहिलंय की. खटल्याशी संबंध नाही म्हणून."

"आदेश त्यानं मास्तराकून वाचून घेतला, पन पटला नाही. म्हनते, साहेब लोक असंच लिवतात. मी सांगितलं तं पटन त्याले. पन मले सांगता येत नाही. पान मी पाह्यलेलं हाये."

"मग मी काय सांगणार? मी तर पाहिलेलंही नाही."

"म्हूनच तं. तुमी फक्त जाऊन आदेशातलं तेवढं वाक्य त्याच्यासमोर वाचा. अन् म्हना, महामायानं पाठवलं. काय हाये ते मी सांगत नाही, नाही बी म्हनत नाही, हाव बी म्हनत नाही. फक्त पाठवलं म्हना. त्याले समजन."

मी आदेशाची नक्कल ठेवून घेतली. येत्या गुरुवारी जाते म्हणाले.

महामाया, तो गुरुवार येऊन किती आठवडे झाले हे तू मोजत असशील, वहीत नसेल तरी. एकदा गुडघा दुखला, एकदा एसटीचा संप होता, एकदा मी निघाले आणि स्टँडवरून परत आले, कारण जे पान मी पाहिलेलंच नाही त्याची खात्री त्याला कोणत्या तोंडाने द्यायची, हे मला खरंच कळेना. नक्कल माझ्या दिवाणखान्यातल्या टेबलावर आहे. कालच मोताळ्याकडचा भाजीवाला सांगत होता, जानराव बाजाराला येत नाही आताशा. मी अजून गेलेले नाही.